जय भीमला नुसता लाईक: कृषी केंद्राच्या पेजवरच्या एका नमस्काराचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातलं एक कृषी केंद्र, नाव सांगत नाही. दुकान तालुक्याच्या रस्त्यावर आहे, आजूबाजूच्या बऱ्याच खेड्यांतले कास्तकार तिथंच बियाणं-खत घेतात. दुकानाचं फेसबुक पेज आहे आणि ते मालकाचा पुतण्या पाहतो, कॉलेजात शिकणारा पोट्टा, हुशार आहे आणि मनानं पण चांगला आहे, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढं जे झालं त्यात त्याच्या मनात खोट नव्हती. मी तालुक्यातल्या काही दुकानांची पेजं सांभाळायला मदत करतो म्हणून हे प्रकरण माझ्याकडं आलं, ते सगळं लिहून ठेवतोय कारण असंच बाकीच्या पेजांवर पण होत असतं, फक्त तिथं कोणी बोलून दाखवत नाही.

जूनचा पहिला आठवडा होता, मृग तोंडावर. पेजवर पोस्ट टाकली होती, खरीपाची तयारी झाली आहे, दुकान सकाळी 8 ते रात्री 8 सुरू राहील, एवढंच. खाली कमेंट यायला लागल्या आणि त्यातल्या बऱ्याच कमेंटमध्ये काही विचारलेलंच नव्हतं, नुसतं अभिवादन होतं. आपल्याकडं माणूस दुकानात पाय ठेवताना आधी राम राम घालतो आणि मग कामाचं बोलतो, तीच सवय फेसबुकवर पण आहे, याच्यात नवल काही नाही.

पहिली कमेंट होती 'राम राम भाऊ'. पुतण्यानं लगेच उत्तर दिलं, 'राम राम काका, या दुकानात, चहा घेऊ'. दुसरी होती 'जय गुरुदेव', त्याला उत्तर 'जय गुरुदेव जी'. मग एकानं लिहिलं 'अस्सलाम वालेकुम शेठ', त्याला उत्तर गेलं 'नमस्कार, काय माहिती पाहिजे?' आणि मग रात्री साडेनऊच्या सुमाराला एकाची कमेंट आली, 'जय भीम दादा'. तिला पेजकडून फक्त लाईक. उत्तर नाही.

आता हे चारही एका खाली एक वाचा. एकेकटं पाहिलं तर कशातच काही वावगं नाही, 'काय माहिती पाहिजे' हा पण साधाच प्रश्न आहे, आणि लाईक म्हणजे पाहिलं, पोचलं. पण पेजवरची उत्तरं कोणी एकेकटी वाचत नाही ना, लोक वरून खाली बोट सरकवत जातात आणि ओळीनं वाचतात, आणि ओळीनं वाचलं की एकाला चहा, एकाला त्याच्याच शब्दात अभिवादन, एकाला चौकशीच्या खिडकीवरचा प्रश्न आणि एकाला काहीच नाही, असं दिसतं. गावात कोण कोणत्या समाजाचा हे अभिवादनावरून सगळ्यांना कळतं, त्यामुळं जे दिसलं ते कोणालाही समजावून सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका तिसऱ्याच पोरानं, म्हणजे जय भीम लिहिणाऱ्यानं नाही, खाली लिहिलं: 'सगळ्याईले उत्तर देता भाऊ, आमच्या जय भीमले काहून नुसता लाईक?' तासाभरात त्याच्यावर बरेच लाईक आले. आणि इथं फेसबुकची एक गोष्ट समजून घ्यावी लागते. पेजच्या पोस्टखाली कमेंट नेहमी वेळेच्या क्रमानं दिसत नाहीत, सहसा सर्वात संबंधित असा क्रम लावलेला असतो, म्हणजे ज्या कमेंटवर लाईक आणि उत्तरं जास्त ती वर सरकते. त्यामुळं दुपारपर्यंत पोस्ट उघडली की दुकानाच्या वेळेच्या खाली सगळ्यात आधी हीच तक्रार दिसत होती, राम राम आणि चहा कुठंतरी खाली गेलेलं.

पुतण्याला विचारलं तर त्याचं कारण खरं होतं. ज्यांना 'काका' म्हणाला ते त्याच्या ओळखीचे, रोजचे गिऱ्हाईक. जय भीम लिहिणाऱ्याला तो ओळखत नव्हता, प्रोफाईलला बाबासाहेबांचा फोटो आणि नाव टोपणनाव, त्यामुळं काय म्हणावं सुचलं नाही. वर त्याच्यात प्रश्न पण नव्हता, मग उत्तर काय द्यायचं, म्हणून लाईक दिला. 'मले वाटलं लाईक दिला म्हंजे झालं.' सलामवाल्याला नमस्कार म्हणाला कारण उलट उत्तर कसं लिहायचं ते त्याला नक्की माहीत नव्हतं आणि चुकलं तर आणखी वाईट दिसेल अशी भीती होती. ही दोन्ही कारणं मला पटतात, पण वाचणाऱ्याला कारणं दिसत नाहीत, त्याला फक्त ओळ दिसते.

मालकांचं पहिलं म्हणणं होतं की तक्रारीची कमेंट उडवून टाका. ते तापट नाहीत, पण पेरणीच्या तोंडावर दुकानाचं नाव असं नको, एवढंच त्यांच्या डोक्यात. मी म्हटलं, मालक, आधी पाहून घेऊ की उडवल्यानं काय होते. कमेंट डिलीट केली की तिच्याखालची सगळी उत्तरं पण जातात, आणि ज्यानं लिहिली तो स्क्रीनशॉट घेऊन बसलेला असतो, तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार आणि तिथं आपल्याला बोलायला जागाच नाही. मग पुतण्या म्हणाला की डिलीट नको, हाईड करू. हाईड केलेली कमेंट बाकीच्यांना दिसत नाही हे खरं, पण जो लिहितो त्याला आणि त्याच्या फेसबुकवरच्या मित्रांना ती दिसतच राहते. शहरातल्या मोठ्या कंपनीला हे चालून जातं कारण तिथं लिहिणाऱ्याचे मित्र वेगळे आणि गिऱ्हाईक वेगळे. इथं पंधरावीस खेड्यांतली पोरं एकमेकांच्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, तेच दुकानाचे गिऱ्हाईक. म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनाच दिसणार आणि फक्त आपल्याला वाटणार की लपलं.

तिसरा विचार असा आला की जुनी उत्तरं एडिट करून सारखी करू, नमस्कारच्या जागी वालेकुम अस्सलाम टाकू, चहाचं काढून टाकू. हे पण नको म्हटलं. एडिट केलेल्या कमेंटवर तसं लिहून येतं आणि त्याच्यावर दाबलं की आधी काय होतं ते पण पाहता येतं. आदल्या रात्रीचं उत्तर तक्रारीनंतर बदललेलं दिसलं की माणूस म्हणेल, पाहा, लपवून राहिले.

आणि चौथा विचार मालकांच्या एका मित्राचा होता, की पेजवर एक मोठी पोस्ट टाका, आमच्या दुकानात जातपात मानत नाही, सगळे सारखे, वगैरे. याला मी सगळ्यात जास्त विरोध केला. कारण अभिवादन परत करायला कोणी दुकानाकडून भाषण मागितलं नव्हतं, मागितलं होतं ते दोन शब्द, आणि दोन शब्दाच्या जागी पानभर लिहिलं की ज्यांनी ती कमेंट पाहिलीच नव्हती ते पण विचारणार, काय झालं होतं म्हणून.

केलं काय ते आता नीट सांगतो, कारण खरी गोष्ट क्रमात होती.

आधी जय भीम लिहिणाऱ्याला उत्तर, तक्रारवाल्याला नाही. हे महत्त्वाचं आहे. ज्याचं अभिवादन राहिलं त्याला सोडून जो ओरडला त्याच्याकडं आधी धावलो तर वाचणाऱ्याला दिसतं की ओरडल्याशिवाय इथं कोणी पाहत नाही. म्हणून मूळ कमेंटच्या खाली, त्याच धाग्यात, लिहिलं: 'जय भीम भाऊ. रात्री उत्तर द्यायचं राहिलं, माफ करा. दुकान आज रात्री 8 पर्यंत सुरू आहे जी.' एवढंच. कारण दिलं नाही की पोट्टा नवीन आहे, ओळख नव्हती, नेट नव्हतं. ही कारणं खरी असली तरी चारचौघांत सांगितली की लंगडी वाटतात. शेवटी दुकानाच्या वेळेचं वाक्य मुद्दाम घातलं, ते त्या माणसापेक्षा बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी, म्हणजे बोलणं परत कामाच्या रस्त्यावर येतं.

मग सलामवाल्याला, त्याच्या धाग्यात, जुनं उत्तर तसंच ठेवून खाली नवीन: 'वालेकुम अस्सलाम भाई, बोला.' त्यानं काही तक्रार केली नव्हती, पण तोही वाचत होताच की. 'बोला' हा शब्द मला इथं फार बरा वाटतो. 'काय माहिती पाहिजे' मध्ये घाई दिसते, काम सांगा आणि निघा असा सूर येतो, 'बोला' मध्ये माणूस खुर्ची पुढं सरकवतो.

आणि सगळ्यात शेवटी तक्रारवाल्याला: 'बरोबर आहे भाऊ, उत्तर द्यायला पाहिजे होतं. वर दिलं आहे. जय भीम.' त्याच्याशी वाद नाही, 'आमच्याकडं असं होत नाही' असं म्हणणं नाही, आणि 'इनबॉक्समध्ये या' असंही नाही. हे इनबॉक्स प्रकरण दुकानदारांना फार आवडतं, काही अडचणीचं आलं की लगेच 'इनबॉक्स करा'. पण जे चारचौघांत राहिलं ते चारचौघांतच परत द्यावं लागतं, खाजगीत दिलेला जय भीम बाकीच्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी तो दिलेलाच नसतो.

लिहायच्या आधी एक तपासणी केली, उत्तराच्या चौकटीजवळचा छोटा फोटो कोणाचा आहे. स्वतःच्या अकाउंटवरून पेजच्या अकाउंटवर न जाता लिहिलं तर उत्तर पुतण्याच्या स्वतःच्या नावानं जातं, आणि मग गावाला दिसतं की दुकानानं नाही, एका पोरानं माफी मागितली. मोबाईलवर हे सहज होतं म्हणून फोटो पाहूनच टाईप करायचं.

परिणाम काय झाला, तर तक्रारवाल्यानं हात जोडलेला इमोजी टाकला आणि विषय तिथं थांबला. जय भीमवाल्याचं उत्तर संध्याकाळी आलं: 'काही हरकत नाही दादा. डीएपी आला का?' म्हणजे त्याचं मूळ काम हेच होतं. रात्री साडेनऊला तो अभिवादन घालून उत्तराची वाट पाहत होता आणि उत्तर आलं असतं तर पुढं डीएपीचं विचारणार होता. आपल्याकडं नुसत्या नमस्काराच्या मागं बहुतेक वेळा असंच एखादं काम असतं, ते पहिल्या ओळीत बोलायचं नसतं, आणि नमस्कारच परत आला नाही तर ते काम दुसऱ्या दुकानात जातं, आपल्याला कळत पण नाही.

डीएपीचं उत्तर उघड दिलं: 'हो जी, आला आहे. 50 किलोची गोणी 1350 ला, आधार कार्ड सोबत आणा, मशीनवर नोंद करावी लागते.' भाव गोणीवर छापलेला आहे, तो लपवायचं कारण नाही, उलट अशा प्रश्नाला 'इनबॉक्समध्ये सांगतो' म्हटलं की लोक समजतात जास्त भावानं विकून राहिले किंवा सोबत दुसरं काही घ्यायला लावतील. आणि आधारचं एक वाक्य वाचून आणखी दहा जण आधार घेऊन येतात, त्यांचा चक्कर वाचतो. पण हेच जर त्यानं विचारलं असतं की मागच्या वर्षीचे पैसे राहिले आहेत, यंदा उधारी मिळेल का, तर उत्तर फक्त 'या जी दुकानात, बसून बोलू' एवढंच. उधारीचा आकडा, थकलेली रक्कम, कोणाच्या वावरात काय पिकलं नाही, हे पेजवर एका शब्दानं पण नाही, त्यानं स्वतः लिहिलं असलं तरी नाही. त्याचा फोन नंबर पण कमेंटमध्ये मागायचा नाही, आपल्या दुकानाचा नंबर द्यायचा, कारण कमेंटमधले नंबर उचलून दुकानाच्याच नावानं फोन करणारे भामटे खूप झालेत आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनवर तक्रार करायची वेळ गिऱ्हाइकावर येते.

यानंतर पुतण्यासोबत बसून एकच गोष्ट पक्की केली: ज्यानं जे अभिवादन घातलं तेच त्याला परत. राम रामला राम राम, जय भीमला जय भीम, जय गुरुदेवला जय गुरुदेव, जय सेवाला जय सेवा, सलामला वालेकुम अस्सलाम, दंडवत प्रणामला दंडवत प्रणाम. विदर्भात ही अभिवादनं काही हवेतून आलेली नाहीत. जय भीम रुजवणारे बाबू हरदास एल. एन. आपल्या कामठीचे, जय गुरुदेव तुकडोजी महाराजांच्या मोझरीशी जोडलेलं, दंडवत प्रणाम महानुभावांचं आणि त्यांचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच, जय सेवा गोंड माणसाचं, केळापूर-झरीपासून चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत. माणूस हे शब्द टाकतो तेव्हा तो आपण कोण हे सांगत असतो, आणि तेच शब्द परत आले की त्याला कळतं की आपल्याला पाहिलं. सगळ्यांना एकच 'नमस्कार' द्यायचा असा पण एक विचार होता, समान दिसतं म्हणून. मला तो पटला नाही. जय भीमला नमस्कार असं उत्तर आलं की वाचणाऱ्याला वाटतं, तो शब्द तोंडातून काढायचा नव्हता. मालकांना विचारलं, काउंटरवर कोणी जय भीम म्हटलं तर तुम्ही काय म्हणता? म्हणाले, 'जय भीमच म्हणतो ना जी, दुसरं काय म्हणणार.' मग पेजवर पण तेच.

याला एक मर्यादा आहे. अभिवादन आणि पक्षाची घोषणा यात फरक करावा लागतो. निवडणुकीच्या दिवसांत कोणी उमेदवाराच्या नावाची घोषणा टाकली तर ती दुकानानं परत करायची नाही, तिथं 'नमस्कार जी' पुरे, आणि ते सगळ्याच पक्षवाल्यांना सारखंच.

भाऊ, काका, दादा याच्याबद्दल पण थोडं ठरवलं. खेड्यात अकाउंट कोणाचं आणि टाईप कोण करतंय हे सांगता येत नाही, बापाच्या हातात पोराचा मोबाईल असतो, फोटो देवाचा नाहीतर हिरोचा. म्हणून पुरुषाला भाऊ, बाईला ताई, आणि काहीच कळलं नाही तर नुसता जी. ओळखीच्या म्हाताऱ्या माणसाला काका म्हणा, बिलकुल म्हणा, पण चहाला एकालाच बोलावणं असं नको, चहा दुकानात आल्यावर द्या. ताईंच्या बाबतीत आणखी एक. एखाद्या बाईनं नमस्कार लिहिला तर अभिवादन आणि दुकानाची वेळ, बस. कुठल्या गावच्या, कोणाच्या घरच्या, हे ओळख काढायला विचारलं तरी चारचौघांसमोर तिला ते अडचणीचं होतं, आणि खाली कोण काय लिहील याचा भरोसा नाही. आता बरेच बचत गट बियाणं मिळून घेतात, त्या बायका पेज वाचतात, आणि एका ताईला कसं उत्तर मिळालं हे पाहूनच दुसरी लिहायचं की नाही ते ठरवते.

मोबाईलमध्ये आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवा असं पण कोणी सुचवलं होतं. पेजला जे इन्स्टंट रिप्लाय लावता येतं ते मेसेंजरमधल्या खाजगी मेसेजसाठी आहे, पोस्टखालच्या नमस्काराला ते जात नाही. आणि जात असतं तरी मी लावू दिलं नसतं, कारण सगळ्यांना सारखंच छापील 'संपर्क केल्याबद्दल धन्यवाद' म्हणजे परत तोच लाईक, फक्त लांबलचक.

वेळेचा प्रश्न मात्र खरा आहे. रात्री साडेनऊला आलेल्या अभिवादनाला रात्रीच उत्तर पाहिजे असं नाही, गावात लाईन गेलेली असते, पोरगा झोपलेला असतो. पण एकाला रात्री दिलं आणि दुसऱ्याचं सकाळपर्यंत राहिलं तर वेळ पण भेदभावासारखी दिसते. म्हणून आता सकाळी दुकान उघडायच्या आधी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं दोन वेळा बसून पुतण्या सगळ्या कमेंट एकदमच घेतो. ओळखीचा आधी, बिनओळखीचा नंतर असं करत नाही, जुन्यापासून नव्याकडं येतो, क्रम सर्वात संबंधितवरून बदलून नवीनवर ठेवतो आणि खालून वर येतो म्हणजे मधलं एखादं राहून जात नाही. सगळी उत्तरं झाली की पेजवरून बाहेर पडून एखाद्या दुसऱ्याच मोबाईलवरून ती पोस्ट उघडतो आणि गिऱ्हाइकासारखी वरून खाली वाचतो. एखाद्याच्या उत्तरात शब्द कमी पडलेला, जी राहिलेला, सूर तुटक झालेला, हे एकेक उत्तर लिहिताना कळत नाही, ओळीनं वाचताना लगेच कळतं.

याचा उपयोग झाला की नाही हे लाईकवरून मी मोजत नाही. एक वेगळी गोष्ट पाहिली. त्या प्रकरणाच्या आधी पेजवर राम राम आणि नमस्कार सोडून दुसरी अभिवादनं क्वचितच यायची, मुसलमान गिऱ्हाईक पण नमस्कारच लिहायचे. सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत टाकलेल्या पोस्टखाली जय सेवा आलं, सलाम आले, जय भीम तर बरेच, आणि एका आजोबांनी नातवाच्या अकाउंटवरून दंडवत प्रणाम लिहून खाली आपलं नाव टाकलं होतं. लोकांनी आपापले शब्द आणायला सुरुवात केली ते त्यांना परत मिळतात हे दिसलं म्हणूनच.

पण हे सगळं काउंटरला धरून आहे. जय भीमवाले भाऊ डीएपी घ्यायला आले त्या दिवशी मालक स्वतः काउंटरवर होते, कमेंट कोणाची ते त्यांना कळलं, त्यांनी आधी जय भीम म्हटलं, मग आधार मागितलं. तिथं जर त्यांना उभं ठेवून मागून आलेल्या ओळखीच्याला आधी गोणी दिली असती तर पेजवरचं उत्तर कितीही नीट असलं तरी ते संध्याकाळपर्यंत खोटं पडलं असतं, आणि ते पेजवर येऊन लिहिलं गेलं असतं. पुतण्याला मी हेच सांगितलं की दुकानात रांग कशी लागते ते पण तूच पाहत जा, कारण त्याचं उत्तर तुलाच लिहावं लागणार आहे.